एका चित्रचौकटीची सूचना : कर्जत-खालापूरच्या पावसाळी संधिप्रकाशाचे एक उदाहरण

शब्दांतून प्रतिमा निर्माण करणाऱ्या संगणकीय प्रारूपांना जे सूचनावाक्य दिले जाते त्यास प्रॉम्प्ट ही संज्ञा आता रूढ झाली आहे. चित्रपटाभ्यास, दृश्यकला आणि संज्ञापन या विषयांचे विद्यार्थी पटकथेतील एखादा प्रसंग चित्रीकरणापूर्वी डोळ्यांसमोर आणण्यासाठी अशा प्रॉम्प्टचा उपयोग करतात. या सूचनांत एक ठराविक शब्दसमूह वारंवार आढळतो : चित्रपटातील एकच चौकट, रुंद पडदा, सौम्य लेन्स फ्लेअर आणि टील-ऑरेंज वर्णसंस्कार. टील म्हणजे हिरवट झाक असलेला निळा, आपल्याकडील मोरपिशी रंगाच्या जवळचा; ऑरेंज म्हणजे नारिंगी. हे शब्द लिहिले की प्रतिमा 'चित्रपटासारखी' दिसू लागते, हे खरे आहे. परंतु ती कोणत्याही प्रदेशाची, कोणत्याही ऋतूची आणि कोणत्याही काळाची दिसते, हेही तितकेच खरे आहे.

याचे कारण शोधू गेल्यास असे दिसते की, वरील चारही गुण मूलतः शैलीचे अलंकार नव्हेत. ते विशिष्ट भौतिक कारणांचे परिणाम आहेत. कारण न सांगता केवळ परिणाम मागितला, तर प्रारूप आपल्या शिक्षणसामग्रीतील असंख्य चित्रांची सरासरी पुढे करते. याउलट दृश्यातील कारण नेमके सांगितले, तर परिणाम बहुधा न मागताच येतो, आणि न आल्यास काय चुकले हे तपासता येते. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांतील एक कल्पित चौकट घेऊन हे विवेचन केले आहे.

१. एक चौकट आणि तिची रुंदी

'फिल्म स्टिल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, चित्रपटाच्या पट्टीवरून उचललेली प्रत्यक्ष चौकट. दुसरा, चित्रीकरणस्थळी स्वतंत्र छायाचित्रकाराने प्रसिद्धीसाठी घेतलेले छायाचित्र. दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत पात्रे बहुधा कॅमेऱ्याकडे वळून, मध्यभागी आणि सारख्या उजेडात उभी असतात. केवळ 'film still' एवढेच लिहिल्यास प्रारूप या दोहोंमध्ये घोटाळा करते. कधी चित्रपट्टीची छिद्रे, कधी तळाशी अर्थहीन उपशीर्षके, कधी एकाच प्रतिमेत तीन-चार चौकटी काढून दाखविते. म्हणून 'single film frame' असे लिहिणे अधिक निर्धोक ठरते. नको असलेल्या गोष्टी मुख्य वाक्यात 'no' लावून लिहू नयेत. प्रारूपाचा शब्दवाचक भाग नकाराचा अर्थ नीट धरीत नाही आणि जे नको म्हटले तेच काढण्याचा संभव वाढतो. त्यांच्यासाठी निषेध-सूचनेची वेगळी जागा असते.

रुंद पडद्याची गोष्ट अशीच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आँरी क्रेतियाँ याने एकोणीसशे वीसच्या दशकात असे भिंग सिद्ध केले की जे दृश्याला आडव्या दिशेने निम्मे आवळून नेहमीच्या पट्टीवर बसवी, आणि प्रक्षेपणाच्या वेळी दुसरे भिंग ते पुन्हा पसरवी. याच तत्त्वावर उभारलेल्या सिनेमास्कोप पद्धतीचा 'द रोब' हा पहिला चित्रपट १९५३ मध्ये प्रदर्शित झाला. भारतात गुरुदत्त यांचा 'कागज़ के फूल' (१९५९) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याचे छायालेखन व्ही. के. मूर्ती यांनी केले होते. प्रारंभी या चौकटीची रुंदी उंचीच्या २.५५ पट असे. पुढे ती २.३५ आणि अखेरीस २.३९ वर स्थिर झाली.

प्रारूपाच्या बाबतीत ही रुंदी शब्दांनी मागणे चुकीचे आहे. 'widescreen' असे लिहिले तर पुष्कळदा चौरस चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. कारण तशा पट्ट्या असलेली चित्रेच त्या शब्दाशी निगडित झालेली असतात. रुंदी हे प्रतिमेचे माप आहे, ते मापाच्याच रकान्यात भरले पाहिजे. उदाहरणार्थ, स्टेबल डिफ्यूजन एक्सएल हे २०२३ मधील खुले प्रारूप सुमारे १०२४ × १०२४ बिंदूंच्या क्षेत्रफळावर शिकविलेले आहे. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या जवळ राहून १५३६ × ६४० हे माप घेतल्यास २.४ हे गुणोत्तर मिळते, जे २.३९ च्या अगदी निकट आहे. क्षेत्रफळ फार वाढविल्यास प्रारूप मोकळी जागा भरण्यासाठी तीच व्यक्ती किंवा तोच डोंगर दुसऱ्यांदा काढते.

२. स्थळनामाची मर्यादा

यानंतरचा प्रश्न स्थळाचा. 'Karjat' हा शब्द लिहिल्याने कर्जत मिळत नाही. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत : एक रायगड जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यातील, मुसळधार पावसाचा, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातील, अवर्षणग्रस्त पठाराचा. माणूस वाचक संदर्भावरून भेद ओळखतो. प्रारूपाला मात्र या नावाबरोबर आलेली चित्रे मोजकी असल्याने ते 'भारतीय खेडे' या सर्वसाधारण कल्पनेकडे सरकते. मग पिवळी माती, उंटरंगी भिंती आणि भडक पागोटी दिसू लागतात, आणि त्यावर नारिंगी रंगाचा हात फिरला की राजस्थान व रायगड यांतला भेद उरत नाही.

यास्तव नाव उकलून त्यातील दृश्य घटक लिहावे लागतात. आषाढातील खालापूरचा विचार केल्यास ते घटक असे : काळ्या बेसाल्टचे उभे कडे आणि त्यांच्या माथ्यावर उतरलेले ढग, पाण्याने भरलेली भातखाचरे व त्यांमधले मातीचे बांध, कौलारू घर आणि त्याची पडवी, आवणीहून परतणारी बाई आणि तिच्या डोक्या-पाठीवरचे इरले. या शेवटच्या वस्तूचे नाव प्रारूपाला ठाऊक असण्याचा संभव फारच थोडा. तेव्हा 'बांबूच्या काड्या व वाळकी पाने यांची, डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी लांब खोळ' असे तिचे वर्णनच दिले पाहिजे. हे वर्णन इंग्रजीत देण्याचे कारण व्यावहारिक आहे. वरील प्रारूपाचा शब्दवाचक भाग मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडलेला आहे. देवनागरी अक्षरांचे तो अर्थहीन तुकडे करतो. शिवाय एका वेळी तो ७७ शब्दखंडच वाचतो, आणि स्वल्पविरामही त्यांत मोजला जातो. म्हणून प्रत्येक विशेषणाला जागेची किंमत द्यावी लागते. 'cinematic', 'epic', 'stunning' या शब्दांना दिलेली जागा इरल्याच्या वर्णनातून वजा होते.

३. नारिंगी आणि मोरपिशी यांचे कारण

टील-ऑरेंज वर्णसंस्काराचा पाया साधा आहे. मनुष्याची त्वचा गोरी असो वा सावळी, तिची दीप्ती बदलते. रंगचक्रावरील तिचे स्थान मात्र नारिंगीच्या आसपासच राहते. नारिंगी ३० अंशांवर धरली तर तिच्या समोरचा रंग २१० अंशांवर, म्हणजे निळ्यात येतो, आणि टील त्याच्या किंचित हिरव्या बाजूला पडतो. पार्श्वभूमी व छाया टीलकडे ढकलल्या की चेहरा आपोआप उठून दिसतो. हे काम सबंध चित्रपटावर संगणकाने करण्याची सोय विसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. कोएन बंधूंच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (२०००) या चित्रपटात छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी मिसिसिपीच्या हिरव्यागार उन्हाळ्याचे रूपांतर कोरड्या, धुळकट सोनेरी रंगात केले. संपूर्ण चित्रपटावर असा संस्कार झाल्याचे ते आरंभीचे प्रसिद्ध उदाहरण होय.

हे उदाहरण कर्जतच्या अभ्यासकाला विशेष उद्‌बोधक आहे, कारण त्यात हिरवा रंग नाहीसा करणे हेच उद्दिष्ट होते. कर्जत-खालापूरचा पावसाळा म्हणजे मुख्यतः हिरवा रंग. कोवळ्या भाताची हिरवी छटा रंगचक्रावर ९० ते १०० अंशांच्या सुमारास येते, म्हणजे नारिंगी व टील या दोहोंच्या मधोमध. या दोन टोकांचा आग्रह धरला की मधल्या हिरव्याला जागा उरत नाही. तो एक तर नारिंगीकडे ओढला जाऊन वाळल्या गवतासारखा पिवळा होतो, किंवा टीलकडे जाऊन प्लास्टिकच्या पानांसारखा निळसर दिसतो. पहिल्या प्रकारात आषाढाचा मार्गशीर्ष होतो; दुसऱ्या प्रकारात शेतच मृत भासते. भरदिवसाच्या भातशेतीवर हा वर्णसंस्कार मागणे म्हणूनच मूळ दृश्याशी विसंगत आहे.

तथापि दिवसाचा एक भाग असा आहे की, ज्यात हे दोन रंग निसर्गतःच एकत्र येतात. जुलैच्या मध्यास या भागात सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी ढगांतून येणारा उजेड निळसर होतो. त्याचे वर्णतापमान सात हजार केल्विनच्या पुढे जाते. घरातील तारेच्या दिव्याचे वर्णतापमान सुमारे २७०० केल्विन असते. कॅमेरा या दोहोंच्या मध्ये, समजा ४३०० केल्विनवर, स्थिर केला की आकाश व पाणी निळे आणि दिव्याजवळचा चेहरा नारिंगी होतो. हिरवा रंग मंद उजेडात आपोआप दबतो. त्याला मोडावे लागत नाही. अर्थात प्रॉम्प्टमध्ये 'teal and orange' हे शब्द लिहिण्याचे प्रयोजनच राहत नाही. 'पावसानंतरचा निळा संधिप्रकाश' आणि 'उघडा टंगस्टन दिवा' या दोन कारणांनी तो परिणाम साधतो.

येथे काळाचा प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळता येत नाही. आज बहुसंख्य घरांच्या पडवीत पांढरा एलईडी दिवा असतो. त्याचा उजेड संध्याकाळच्या आकाशाइतकाच थंड. इरल्याची जागाही बव्हंशी प्लास्टिकच्या कापडाने घेतली आहे. म्हणजे टंगस्टन दिवा आणि इरले असलेली ही चौकट आजची नव्हे, काही दशकांपूर्वीची आहे. प्रसंग आजचा असेल तर नारिंगी उजेडासाठी चुलीचा जाळ किंवा वाहनाचा जुना दिवा असे वेगळे कारण शोधावे लागेल. तेही नसेल तर नारिंगीचा मोह सोडावा लागेल.

४. दिव्याचे अंतर

आता चौकटीची रचना. प्रथम सुचणारी रचना अशी : उजव्या कडेला पडवीतील दिवा, डाव्या तृतीयांशात दूरच्या बांधावरून येणारी बाई, आणि तिच्या गालावर दिव्याचा उबदार उजेड. शब्दांत ही रचना निर्दोष वाटते, परंतु हिशेबात ती टिकत नाही. ६० वॉटच्या दिव्याची एका दिशेतील प्रखरता सुमारे ६० कँडेला असते. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असल्याने ३ मीटरवर तो ६० भागिले ९, म्हणजे सुमारे ६.७ लक्स पडतो. २० मीटरवर तो केवळ ०.१५ लक्स उरतो. त्या वेळी निरभ्र आकाशाचा उजेडच सुमारे ३ लक्स असतो. ढगांखाली तो आणखी कमी. याचा अर्थ असा की, ३-४ मीटरच्या आत दिव्याचा रंग चेहऱ्यावर दिसेल. दूरच्या बांधावर तो मुळीच दिसणार नाही.

प्रारूपाला हा हिशेब ठाऊक नसतो. ते दूरच्या चेहऱ्यावरही नारिंगी उजेड बिनदिक्कत काढते, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी चित्र खोटे वाटते. चित्रपटाच्या सेटवर हा प्रश्न कलादिग्दर्शक व छायालेखक आधीच सोडवितात. खालापूर तालुक्यातील चौक येथे कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये स्टुडिओ उभारला, आणि 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटाचे भव्य वाडे-किल्ले तेथे रचले गेले. अशा ठिकाणी दिवा कोठे लागेल हे भिंत बांधतानाच ठरते. प्रॉम्प्ट लिहिणाऱ्यानेही आधी भिंत व दिवा ठरवावा, मग माणूस उभा करावा. प्रस्तुत चौकटीत बाईला बांधावरून अंगणात आणले की अंतराचा दोष नाहीसा होतो.

५. फ्लेअरची परीक्षा

लेन्स फ्लेअर म्हणजे भिंगाच्या आत घडणारे अवांछित परावर्तन. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. लेपामुळे हे प्रमाण पुष्कळ घटते, पण शून्य होत नाही. हा फिरलेला प्रकाश दोन रूपांनी प्रकट होतो. सबंध चौकटीवर पातळ पडद्यासारखा पसरला तर काळा रंग करडा होतो; 'सौम्य' फ्लेअर म्हणतात तो मुख्यतः हाच. तो ठिपक्यांच्या रूपाने आला तर नेहमीच्या गोल भिंगात ते ठिपके दिव्यापासून चौकटीच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेवरच पडतात. सिनेमास्कोपच्या आवळणाऱ्या भिंगात याखेरीज दिव्यातून निघालेली एक आडवी, बहुधा निळसर, रेघ उमटते.

यावरून तपासणीची एक सोपी रीत मिळते. तयार प्रतिमेवर दिव्यापासून मध्यबिंदूपर्यंत पट्टी ठेवून ती पुढे वाढवावी. ठिपके या रेषेबाहेर विखुरले असतील, किंवा चौकटीत प्रखर उगमच नसताना फ्लेअर आला असेल, तर तो वरून चिकटविलेला अलंकार आहे. मात्र प्रतिमा एका बाजूने कापलेली असल्यास मध्यबिंदू सरकतो आणि ही कसोटी लागू पडत नाही. मोठे चित्र करून नंतर ते रुंद आकारात कापण्यापेक्षा आरंभीच योग्य माप घेण्याचे हेही एक कारण होय. आपल्या उदाहरणातील ६० वॉटचा दिवा सूर्य नव्हे. त्यातून चौकट ओलांडणारी झळाळी निघणे अस्वाभाविक. एक फिकी आडवी रेघ पुरेशी आहे.

६. सूचनेचे अंतिम रूप

वरील विचारानंतर प्रॉम्प्ट असा होतो :

```
single film frame, wide shot, blue dusk after rain,
basalt cliffs under low cloud, flooded rice fields,
farm woman at left third stepping from mud bund into yard,
long hood of bamboo and dry leaves over head and back,
bare tungsten bulb on tiled veranda at right edge,
warm light on her face, faint horizontal lens streak, anamorphic
```

निषेध-सूचना व माप वेगळ्या रकान्यांत :

```
negative: text, subtitles, black bars, film strip, collage, jewellery
width=1536  height=640  seed=2107
```

यात 'cinematic', 'widescreen', 'teal' आणि 'orange' यांपैकी एकही शब्द नाही, हे लक्षात घ्यावे. 'jewellery' हा शब्द निषेधात घालण्याचे कारण असे की, ग्रामीण किंवा आदिवासी स्त्री म्हटली की प्रारूप तिला सणासुदीच्या दागिन्यांनी मढविते. आवणीहून परतणारी बाई तशी नसते. `seed` हा आकडा कोणताही घेता येतो, परंतु तो स्थिर ठेवणे अगत्याचे आहे. तो बदलत राहिल्यास कोणत्या शब्दाने काय घडले हे सांगता येणार नाही. आकडा तोच ठेवून एका वेळी एकच शब्दसमूह काढावा व प्रतिमा ताडून पाहावी. दिव्याचा आणि चेहऱ्यावरील उबदार उजेडाचा असे दोन्ही उल्लेख काढल्यावरही चेहरा तितकाच नारिंगी राहिला, तर तो रंग दृश्यातून आलेला नसून प्रारूपाच्या सवयीतून आला आहे, असा निष्कर्ष निघतो.

अधिक गडद वर्णसंस्कार हवा असल्यास तो नंतर स्वतंत्र साधनाने करावा. प्रतिमेतच भिनलेला संस्कार काढून टाकता येत नाही. आणि या प्रतिमांत प्रत्येक रंगाच्या साधारणतः २५६ पायऱ्याच असल्याने नंतरचा संस्कारही हलक्या हातानेच करावा लागतो. तो अतिरेकी झाल्याची पहिली खूण ढगांत दिसते : जेथे छटा सलग उतरावयास हवी तेथे पट्टे पडतात. दुसरी खूण चेहऱ्यावर दिसते. सावळी त्वचा तांब्याच्या भांड्यासारखी एकरंगी झाली आणि गाल, ओठ व कपाळ यांतील सूक्ष्म भेद पुसले गेले, तर संस्काराने माणूस झाकला असे समजावे.

७. प्रतिमेचा अधिकार

इतके करूनही तयार होणारी चौकट खालापूरची नोंद ठरत नाही. कडे बेसाल्टचे दिसतील, पण ते प्रबळ गडाचे किंवा इर्शाळगडाचे नसतील. इरले ओळखता येईल, पण त्याची वीण कोणा कारागिराच्या हातची नसेल. हा भेद येथे केवळ तात्त्विक नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून आदिवासी वस्ती गाडली गेली. पावसात भिजलेला उतार, त्याखालची कौले आणि एक मिणमिणता दिवा अशी चौकट या प्रदेशात आता निरपेक्ष राहिलेली नाही. शीर्षकाविना ती प्रसृत झाली तर कोणी तिला त्या घटनेचे छायाचित्र समजेल, आणि जितकी ती कुशलतेने केलेली असेल तितका हा गैरसमज दृढ होईल. यास्तव प्रबंधात वा प्रकल्पात अशी प्रतिमा वापरताना ती निर्मित असल्याचा उल्लेख, वापरलेले प्रारूप, पूर्ण प्रॉम्प्ट आणि `seed` हे चित्राखालीच नोंदवावेत. त्यायोगे दुसरा अभ्यासक तोच प्रयोग करून पाहू शकतो, आणि चौकटीतील कोणती गोष्ट लिहिणाऱ्याने मागितली व कोणती प्रारूपाने स्वतः भरली, हे त्याला वेगळे करता येते.